भाडं पाठवलं होतं, पण पोचलंच नाही! घरमालकाला आता काय लिहू?

*ताई, भाडं दर महिन्याच्या 5 तारखेला द्यायचं असतं, दीड वर्षात एकदाही चुकलं नाही. या महिन्यापासून माझं पगाराचं खातं बदललंय, त्या नव्या खात्यातून शुक्रवारी 4 तारखेला रात्री भाडं पाठवलं, पैसे कट झाले, मी निवांत. काल बुधवारी, 9 तारखेला, घरमालक काकांचा मेसेज, की भाडं आलं नाही. बघितलं तर सोमवारीच पैसे माझ्या खात्यात परत आलेत! पैसे कट झाल्याचा स्क्रीनशॉट त्यांना पाठवला तर म्हणाले, याचं मी काय करू, काय ते लेखी कळवा. मनाला फार लागलं. चूक बँकेची आणि संशय माझ्यावर? दीड पानी पत्र लिहून ठेवलंय, "माझ्या नियंत्रणाबाहेरच्या तांत्रिक कारणामुळे" असं झालं आणि दोन दिवसांत पैसे देतो असं त्यात लिहिलंय. पाठवू का? आणि माफी मागायची का? (एक भाडेकरू)*

अरे थांब, पाठवू नकोस. पत्र वाईट असेल असं नाही, पण पैसे का परत आले आणि काकांना नक्की कधी मिळतील, या दोन गोष्टी तुला अजून माहीतच नाहीत, आणि नेमक्या त्या दोन गोष्टींसाठीच काकांनी लेखी मागितलंय.

आधी माझं सांगते म्हणजे मी कुठून बोलतेय ते कळेल. मी बरीच वर्षं बँकेत होते, त्यातली कित्येक वर्षं "पैसे गेले पण पोचले नाहीत" याच तक्रारी बघण्यात गेली, आणि आता रिटायर झाल्यावर एक लहानसं घर भाड्याने दिलंय. म्हणजे दोन्ही बाजूंनी हे बघितलंय. माझ्याच एका भाडेकरू मुलीचं असं झालं होतं, तिने इतकं मोठं पत्र लिहिलं, आईचं आजारपण, ऑफिसचा ताण, बँकेचं अॅप कसं भिकार आहे, सगळं होतं. मी दोनदा वाचलं आणि तरी मला कळलं नाही की पैसे आत्ता आहेत कुठे आणि माझ्याकडे येणार कधी. शेवटी फोन करून विचारलं, तर फोनवर दोन वाक्यांत उत्तर आलं. तीच दोन वाक्यं पत्रात हवी होती ना.

आता तुझ्याकडे येऊ. तू ओझरतं लिहून पुढे गेलास की "या महिन्यापासून पगाराचं खातं बदललंय". बाबा, तुझ्या सगळ्या पत्रातलं महत्त्वाचं वाक्य तेच आहे! दीड वर्ष जुन्या खात्यातून पैसे बिनबोभाट जात होते कारण तिथे काकांचा खाते नंबर एकदाच भरलेला होता आणि तो बरोबर होता. नव्या खात्यात तू तो नव्याने भरलास, बहुतेक हाताने टाइप करून, आणि पहिल्याच वेळी पैसे परत आले. तांत्रिक कारण असेलही, मी नाही म्हणत नाही, पण बँकेवर खापर फोडायच्या आधी हे तपासायला नको का?

पैसे कसे परत आले त्यावरूनही बरंच कळतं. ट्रान्सफर फसायच्या वेगवेगळ्या तऱ्हा असतात आणि त्या सगळ्यांना आपण "फेल झालं" म्हणतो, तिथेच घोळ होतो. खात्यात पुरेसे पैसे नव्हते किंवा दिवसाची लिमिट संपली होती असं असतं तर तुझ्याच बँकेने तिथल्या तिथे नाही म्हटलं असतं, पैसे कटच झाले नसते. पैसे कट झाले आणि काही मिनिटांत परत आले असते तर मधल्या सिस्टीममध्ये काहीतरी अडकलं असं समजायला जागा होती. पण तुझे पैसे शुक्रवारी रात्री कट झाले आणि सोमवारी परत आले, याचा अर्थ बहुतेक असा की तुझ्या बँकेने पैसे पुढे पाठवले, समोरच्या बँकेने ते बघितले आणि "हे आमच्याकडे जमा करता येत नाहीत" म्हणून परत फिरवले. समोरची बँक असं कधी करते? त्या नंबरचं खातंच नसेल, खातं बंद झालं असेल, गोठवलेलं असेल, किंवा नाव जुळत नसेल (काही ठिकाणी नाव तपासतात, बऱ्याच ठिकाणी फक्त नंबर बघतात). त्यातलं तुझ्या बाबतीत मला सगळ्यात जास्त शक्यता वाटते ती एखादा आकडा चुकल्याची. आणि खरं सांगू, आकडा चुकून पैसे परत आले हे नशीब समज. चुकलेला नंबर कुणा भलत्याचं चालू खातं निघाला असता आणि तिथे नाव तपासत नसते तर पैसे त्याच्याकडे जमा झाले असते आणि आपोआप परतही आले नसते, मग अर्ज करा, त्या माणसाची संमती येईपर्यंत वाट बघा, महिने जातात.

म्हणून पहिलं काम म्हणजे जुन्या खात्याच्या अॅपमध्ये काकांचा सेव्ह केलेला नंबर उघड आणि नव्या खात्यातला नंबर शेजारी धर. आणि तो डावीकडून वाचू नकोस, उजवीकडून एकेक आकडा वाच. डावीकडून वाचताना डोळा सवयीने पुढे पळतो, शेजारचे दोन आकडे उलटसुलट झालेले किंवा चार शून्यांची तीन झालेली कळतच नाहीत, काउंटरवर आम्ही असंच उलटं वाचायचो. शाखेचा किंवा बँकेचा जो कोड असतो तोही बघ. मग तुझ्या बँकेला फोन कर आणि "माझे पैसे का परत आले" असं मोघम विचारू नकोस, विचार की "या रेफरन्स नंबरच्या ट्रान्सफरला रिटर्नचं कारण काय नोंदलंय?" कारण नोंदलेलं असतं. समोरची बँक पैसे परत करताना कारण लिहूनच परत करते, फक्त ते अॅपवर नेहमी दिसत नाही.

हे होईपर्यंत काकांना ताटकळत ठेवू नकोस हं. आत्ताच दोन ओळींचा मेसेज टाक, की काका, भाडं सोमवारी माझ्या खात्यात परत आलंय, कारण काढतोय, आज संध्याकाळपर्यंत तारखेसकट लेखी कळवतो. बस. यात बाजू मांडायची नाही.

आता तू विचारतोस संशय का घेतला. मला नाही वाटत घेतला. तो स्क्रीनशॉट त्यांच्या नजरेने बघ ना. त्यावर काय आहे, तर 4 तारखेला तुझ्या खात्यातून पैसे गेले. म्हणजे तुझ्याच पुराव्यानुसार पैसे तुझ्याकडे नाहीत आणि त्यांच्या पासबुकानुसार त्यांच्याकडेही नाहीत, मग आहेत कुठे? त्यांनी विचारलं याचं मी काय करू, तो टोमणा नाहीये, खरोखरचा प्रश्न आहे. शिवाय पैसे कट झाल्याचा स्क्रीनशॉट हा अर्धाच पुरावा, आणि अर्धवट पुराव्याने उलट शंका वाढते, कारण पाठवल्याचा फोटो काढून पुढे पैसे भलतीकडे वळवणारे किंवा जुन्याच महिन्याचा फोटो पाठवणारे लोक घरमालकांनी बघितलेले असतात. तू तसा नाहीस हे त्या फोटोवरून कसं कळणार?

पुरावा म्हणजे काय तर खात्याच्या स्टेटमेंटचं ते पान, ज्यावर दोन्ही नोंदी एकाखाली एक दिसतील. 4 तारखेला पैसे गेले ती, आणि 7 तारखेला तीच रक्कम परत आली ती. परत आलेल्या नोंदीसमोर बहुतेक वेळा रिटर्न किंवा रिव्हर्सल अशा अर्थाचा शब्द असतो आणि बऱ्याचदा मूळ ट्रान्सफरचा रेफरन्स नंबरही असतो, त्यावरून दोन्ही नोंदी एकमेकींच्या आहेत हे सिद्ध होतं. सगळी गोष्ट त्या दोन ओळींत येते. त्यात एक बारकावा आहे, अॅप आपला स्वतःचा एक ऑर्डर नंबर देतं आणि बँकेचा रेफरन्स नंबर वेगळा असतो. काकांनी त्यांच्या बँकेत जाऊन विचारलं तर तिथे चालतो तो बँकेचा नंबर, अॅपचा नंबर तिथे कुणी ओळखणार नाही. लोक हटकून चुकीचा देतात.

स्टेटमेंट पाठवताना बाकीचं झाक. तुझा पगार किती, शिल्लक किती, कुणाला काय दिलंस, हे काकांना कळायची गरज नाही. पण झाकताना तुझं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, तारखा, रक्कम आणि रेफरन्स नंबर उघडे राहू देत, नाहीतर पुरावा कसला. आणि नीट झाक बाबा. फोनमधला हायलायटर काळा करून वरून फिरवला तर तो बऱ्याचदा अर्धपारदर्शक असतो, फोटोचा उजेड वाढवला की खालचं सगळं वाचता येतं. पीडीएफवर काळी चौकट ठेवली तरी खालचा मजकूर तसाच असतो, सिलेक्ट करून कॉपी केला की बाहेर येतो. त्यापेक्षा भरीव काळा चौकोन टाक आणि मग त्या पानाचा स्क्रीनशॉट काढून तो पाठव, म्हणजे खाली काही उरतच नाही. मात्र त्या दोन नोंदींना हात लावायचा नाही, त्या मोठ्या करून चिकटवायच्या नाहीत की मधल्या ओळी कापून जवळ आणायच्या नाहीत. कापलेलं दिसलं की सगळं पानच खोटं वाटायला लागतं. मधल्या ओळी काळ्या कर, पण जागच्या जागी राहू दे.

आता तारीख. "दोन दिवसांत" हे दोन शब्द पत्रातून आधी काढून टाक. दोन दिवस म्हणजे कधीपासून दोन दिवस, पत्र वाचल्यापासून का लिहिल्यापासून? आणि दोन दिवसांत तू पाठवणार का त्यांना मिळणार? तू "पाठवतो" लिहितोस आणि ते "मिळेल" वाचतात, सगळी भांडणं त्या फटीत होतात. भाडं वेळेवर आलं की नाही हे घरमालक स्वतःच्या खात्यात जमा झालं त्या दिवसावरून धरतो (तुझ्या करारात काय लिहिलंय तेही एकदा बघून घे). म्हणून तारीख द्यायची ती जमा होण्याची, वारासकट.

ती कशी काढायची ते तुझ्याच बाबतीत करून बघू. आज गुरुवार, 10 तारीख. समजा आज दुपारपर्यंत कळलं की आकडा चुकला होता. मग नंबर दुरुस्त करायचा, आणि बऱ्याच बँकांत दुरुस्त करणं म्हणजे जुना काढून नवा भरणं. आणि नवा भरला की सुरक्षेसाठी पहिले काही तास किंवा एक दिवस त्या खात्यावर मोठी रक्कम पाठवता येत नाही, हे लोकांना ऐनवेळी कळतं! म्हणजे मोठी रक्कम निघणार उद्या शुक्रवारी. उद्या निघाली आणि तत्काळ जाणाऱ्या प्रकाराने गेली तर उद्याच पोचेल, पण मध्ये काही अडकलं तर शनिवार रविवारी बँकेत विचारायला कुणी भेटेल याचा भरवसा नाही, म्हणून सोमवार 14 धरायचा. त्यावर एक दिवस हातचा धर, की मंगळवार 15. पत्रात 15 लिही. तुझ्या "दोन दिवसां"चा हिशोब लावला असता तर शनिवार 12 आली असती, ती टळली असती तर तुझ्या हातात दुसऱ्यांदा मोडलेला शब्द उरला असता. पहिल्यांदा उशीर झाला तर लोक समजून घेतात, पण आपणच दिलेली तारीख चुकली तर पहिल्या वेळचं खरं कारणही बहाणा वाटायला लागतं. 15 सांगून 11 ला मिळाले तर काका काही तक्रार करणार नाहीत.

आणि हे आत्ता कळतंय ना, कारण माहीत नसताना तारीख देताच येत नाही ते? कारण न काढता तू आज पुन्हा त्याच चुकीच्या नंबरवर पैसे पाठवले असतेस तर ते पुन्हा परतच आले असते. असं करणारे मी ढिगाने बघितलेत, तीन तीन वेळा तेच पाठवतात आणि दरवेळी बँकेला शिव्या देतात.

एक जवळची वाट आहे. जुनं खातं अजून चालू असेल तर नव्या खात्यातून पैसे आधी तिकडे वळव आणि तिथल्या जुन्या, तपासलेल्या नंबरवर भाडं पाठव. तुझ्या स्वतःच्या खात्यालाही नवा नंबर म्हणून लिमिट लागू शकते तेवढं बघ, पण तिथे निदान आकडा चुकून परत येण्याची भीती नाही. आणि नव्याच खात्यातून पाठवणार असशील तर आधी अगदी किरकोळ रक्कम पाठवून काकांना विचार की आली का. आली म्हटल्यावरच बाकीची.

पत्र साधारण असं होईल, तुझ्या शब्दांत बदल:

*विषय: या महिन्याचं भाडं, ट्रान्सफर परत आल्याबद्दल*

*10 तारीख, गुरुवार*

*काका, नमस्कार.*

*या महिन्याचं भाडं तुम्हाला 5 तारखेपर्यंत मिळायला हवं होतं, ते अजून मिळालेलं नाही. मी ते शुक्रवारी 4 तारखेला रात्री पाठवलं होतं, पण तुमच्या खात्यात जमा न होता सोमवारी 7 तारखेला माझ्या खात्यात परत आलं. मी या महिन्यात नवीन खातं घेतलंय, तिथे तुमचा खाते नंबर भरताना माझ्याकडून दोन आकडे उलटसुलट झाले. पैसे परत आलेत हे तुमचा मेसेज येईपर्यंत मी बघितलं नव्हतं, तुम्हाला स्वतःहून विचारावं लागलं त्याबद्दल माफ करा.*

*सोबत माझ्या स्टेटमेंटचं पान जोडलंय, त्यात 4 तारखेची आणि 7 तारखेची अशा दोन्ही नोंदी आहेत. बाकीच्या नोंदी खाजगी असल्यामुळे झाकल्या आहेत.*

*नंबर आता दुरुस्त केलाय. खात्री करायला उद्या आधी एक छोटी रक्कम पाठवतो, ती आली का तेवढं सांगाल का? ती वजा करून उरलेलं पूर्ण भाडं मंगळवारी 15 तारखेला संध्याकाळपर्यंत तुमच्या खात्यात जमा झालेलं असेल. पाठवलं की लगेच रेफरन्स नंबर कळवतो.*

*आपल्या करारानुसार उशिराबद्दल काही रक्कम द्यायची होत असेल तर सांगा.*

*तुमचा,*
*(नाव, घर नंबर, फोन)*

बघ किती झालं, अर्धं पान. पहिल्याच वाक्यात भाडं मिळालेलं नाही हे कबूल केलंय, कारण ते त्यांना माहीतच आहे, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं. आणि माफीचं तू विचारलंस ना, तर ती कुठल्या गोष्टीची आहे ते बघ. पैसे परत आले त्याची नाही, दोन दिवस लक्ष दिलं नाही त्याची आहे. आकडा बरोबर निघाला आणि खरंच बँकेचा घोळ निघाला तरी ही माफी तशीच राहते, कारण पैसे सोमवारी परत आले आणि तुला कळलं बुधवारी, तेही दुसऱ्याने सांगितल्यावर. हे दोन दिवस कुणाच्याही नियंत्रणाबाहेर नव्हते. सोमवारीच तू स्वतःहून सांगितलं असतंस तर त्यांनी लेखी मागितलंच नसतं असं मला वाटतं.

उशिराच्या रकमेचं वाक्य घालताना आधी करार उघडून वाच. तसं कलम असेल तर हे वाक्य ठेव, काही घरमालक यावर "जाऊ दे" म्हणतात. कलमच नसेल तर वाक्य काढून टाक, नसलेला दंड आपणहून अंगावर घ्यायचं कारण नाही. "यापुढे असं कधीच होणार नाही" हेही लिहू नकोस, ट्रान्सफर पुन्हा कधीतरी फसू शकते आणि मग हेच वाक्य कुणीतरी काढून दाखवतं.

पत्र मेसेजमध्ये टाइप करण्यापेक्षा ईमेलने पाठव आणि मेसेजमध्ये "ईमेल केलाय" एवढंच कळव. ईमेल वापरत नसतील तर कागदावर दे आणि तुझ्याकडे फोटो ठेव. उद्या वाद झालाच तर कोणत्या तारखेला काय कळवलं ते दाखवता यायला हवं.

आता समजा नंबर अगदी बरोबर निघाला आणि बँकेने सांगितलं की समोरचं खातं बंद आहे. तसंही होऊ शकतं, काकांनी महिन्याभरात खातं बदललं असेल आणि सांगायचं राहिलं असेल. तेव्हा पत्रात आकड्याच्या वाक्याऐवजी लिही, "बँकेने कारण 'खातं बंद' असं दिलंय, नंबर तोच आहे का एकदा बघाल का?" आरोप नको, नुसता प्रश्न. पण यावर नवीन नंबर मेसेजने किंवा ईमेलने आला तर तसाच वापरू नकोस! घरमालकाच्या नावाने "माझं खातं बदललंय" असा मेसेज टाकून भाडं उकळणं ही ठगांची नेहमीची युक्ती आहे, आणि तिथे गेलेले पैसे सोमवारी परत येत नाहीत. तुझ्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर काकांना फोन कर आणि त्यांच्या तोंडून आकडे ऐकून घे.

तुझ्यासारखंच पण जरा वेगळं अडकलेल्यांसाठी एक सांगते, कारण अशी पत्रं मला बरीच येतात. तुझे पैसे परत तरी आलेत. काहींचे कट झालेले असतात, परत आलेले नसतात आणि अॅपवर नुसतं पेंडिंग दिसत असतं. तिथे घाईने दुसऱ्यांदा भाडं पाठवलं तर कधी कधी दोन्ही पोचतात. सहसा थांबून बँकेकडे तक्रार नोंदवावी, तक्रारीचा नंबर घ्यावा आणि पत्रात तो द्यावा, तारीख मात्र बँकेने सांगितलेल्या मुदतीवरून काढावी. पण घरमालक अगदी अडून बसला असेल आणि हाताशी पैसे असतील तर दुसऱ्यांदा द्यायला हरकत नाही, फक्त पाठवायच्या आधी लेखी ठरवून घ्यावं की पहिले पैसेही पोचले तर ते पुढच्या महिन्याचं भाडं धरायचं. आधी, हं. नंतर परत मागायला गेलं की तोंडं कडू होतात.

आणि लिमिटमुळे अडकलं असेल, रक्कम एका दिवसात जात नसेल, तर दोन भागांत द्या आणि दोन्ही भागांच्या तारखा पत्रात लिहा. अर्धं काही न सांगता टाकलं तर समोरच्याला वाटतं की याच्याकडे एवढेच आहेत.

तुझं राहिलं शेवटचं. उद्या किंवा सोमवारी पैसे गेले की रेफरन्स नंबर पाठव, आणि काकांकडून "अमुक महिन्याचं भाडं मिळालं" असं, महिन्याच्या नावासकट, उत्तर घे. नाहीतर तारीख पुढे सरकल्यामुळे वर्षाच्या शेवटी हे भाडं याच महिन्याचं की पुढच्या, अशी पंचाईत होते. आणि तो चुकलेला नंबर नव्या खात्याच्या यादीतून काढलास का ते बघ. दर महिन्याला आपोआप भाडं जायची सूचना लावून ठेवली असशील तर तीही उघडून बघ, बऱ्याचदा यादीतला नंबर बदलला तरी त्या सूचनेत जुनाच चिकटलेला राहतो आणि पुढच्या 5 तारखेला पैसे पुन्हा तिकडेच निघतात.